दिवेलागणीपर्यंतचा भाव

माझ्या बुडाला लहानपणापासून भिंगरी आहे, असं आमचे आप्पा म्हणतात. चाळिशी ओलांडली तरी ती थांबलेली नाही. एका जागी बसून काम करायची नोकरी मिळाली, तिथंही मी बसून बसत नाही. टेबलाखाली पाय हलत असतो. शेजारचा कारकून म्हणतो, भूकंप झाला तरी त्याला कळायचं नाही, कारण माझ्या पायामुळं त्याला तो रोजचाच वाटेल.

नोकरी बेळगावात, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या हिशेब खात्यात. आमच्या फाउंड्रीची कास्टिंगं, म्हणजे ओतीव भाग, युरोपात जातात. पैसे युरोत येतात. म्हणून रोज सकाळी बँकेकडून तीन दर येतात आणि ते वहीत उतरवणं हे माझं काम. डॉलरला किती रुपये, युरोला किती डॉलर, युरोला किती रुपये. सहा वर्षं मी ते आकडे उतरवत होतो आणि एकदाही त्यांच्याकडं बघितलं नव्हतं.

एका सोमवारी जेवणाच्या डब्याआधी सहज म्हणून पहिल्या दोन आकड्यांचा गुणाकार केला. डॉलर त्र्याऐंशी रुपये, युरो एक डॉलर आठ सेंट. गुणाकार एकोणनव्वद रुपये चौसष्ट पैसे. म्हणजे डॉलरच्या रस्त्यानं गेलं तर युरो एवढ्याला पडतो. तिसऱ्या आकड्यात सरळ युरोचा भाव होता, तो या उत्तराशी जुळत नव्हता. माझा पाय हलायचा थांबला. एकच वस्तू, दोन रस्ते आणि दोन वेगळे भाव. स्वस्त रस्त्यानं घ्यायची आणि महाग रस्त्यावर विकायची. तिन्ही सौदे एकदम केले तर हातात ना युरो राहतो ना डॉलर, राहतो तो फक्त रुपयातला नफा. युरो वर जावो, खाली जावो, आपल्याला सोयरसुतक नाही. असं काही जगात असतं आणि ते मला टेबलावर बसल्या बसल्या सापडलं, या विचारानं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

बँकेचा तो दर आमच्यासारख्यांना सांगायचा दर होता, त्यात बँकेचा नफा आधीच घातलेला. एवढं कळायला मला दोन दिवस लागले. पण तोवर मी दुसरी जागा शोधली होती. शेअर बाजारात जसे शेअर, तसे चलनांचेही वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, चालत. डॉलर-रुपया, युरो-रुपया, युरो-डॉलर, तिन्ही एकाच पडद्यावर. पुढं नियम कडक झाले, ज्याचा खरोखर परदेशाशी व्यवहार आहे त्यानंच यात उतरावं असं झालं, आणि तिथली गर्दी एका रात्रीत ओसरली. ही गोष्ट त्याच्या आधीची.

टिळकवाडीत एका ब्रोकरचं छोटं ऑफिस होतं. तिथं सौदे टाकायला एक बाई होत्या, अनगोळच्या. घरी कन्नड, माझ्याशी मराठी. वयानं माझ्याहून लहान असाव्यात, पण बोलणं शाळेतल्या बाईंचं. मी माझा कागद त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"सर, हे तुम्हाला दिसलं तसं मुंबईतल्या सौदं टाकणाऱ्या मशिनींना दिसत न्हाय व्हय? त्यांना डोळा मिचकवायच्या आत दिसतं. फरक दिसला की घेतात आणि फरक मिटतो. म्हणूनच तिन्ही भाव जुळलेलं असतात."

"पण मला तर फरक दिसतोय की."

"दिसतोय तो खर्चाचा फरक हाय. महाराष्ट्रातल्या कागलची माणसं पेट्रोल भराय निपाणीला येतात का न्हाय? आपल्याकडं कर्नाटकात स्वस्त मिळतंय म्हणून. पण पार कोल्हापूरचं कोण येतंय का? येता-जाता गाडीच पिऊन टाकती तेवढं. म्हणून दोन्हीकडचा भाव वेगळा ऱ्हातोय, आणि कुणी श्रीमंत होत न्हाय."

निपाणीच्या माणसाला निपाणीचंच उदाहरण देऊन गप्प करायचा हा प्रकार मला झोंबला. पण बाईंनी पुढं मला पडदा नीट वाचायलाही शिकवलं, हे नाकबूल करता येत नाही. मी गुणाकार करत होतो तो शेवटच्या झालेल्या सौद्यांचा. तो झाला तो झाला, त्याला आता काही अर्थ नाही. खरे भाव दोन. घेणारा काय देतो तो एक, विकणारा काय मागतो तो दुसरा. आपण विकायला गेलो की कमी मिळतं, घ्यायला गेलो की जास्त द्यावं लागतं. तीन सौदे म्हणजे तीनदा ही तूट सोसायची. वर दलाली. माझ्या कागदावर युरोमागं बारा पैसे सुटत होते, खऱ्या भावांनी मांडल्यावर चारच राहिले आणि तेही क्वचित, थोडा वेळ.

चार तर चार. मी दोन-दोन, तीन-तीन लॉटचे सौदे सुरू केले. एक लॉट म्हणजे हजार युरो. दुपारच्या सुट्टीत स्कूटर दामटत टिळकवाडीला जायचं, पडद्यापुढं उभं राहायचं (बसायचो नाहीच), दोन रस्त्यांच्या भावांत फट दिसली की तिन्ही सौदे टाकायचे. महिनाअखेरीला तिन्ही वायदे एकाच दिवशीच्या सरकारी दरांनी मिटायचे आणि माझ्या खात्यात खर्च वजा जाता चाळीस, कधी साठ रुपये पडायचे. चहा-मिसळीचे पैसे. पण एकदाही तोटा नाही! मला तर साक्षात्कारच झाल्यासारखा वाटत होता. मी घरी, ऑफिसात, रस्त्यानं गुणाकार करत फिरू लागलो. बायकोनं भाजीचा भाव सांगितला तरी मी विचारायचो, घेण्याचा की विकण्याचा.

आता आक्काबद्दल सांगितलं पाहिजे, कारण खरी गोष्ट तिची आहे.

आक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आमच्या घरात निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत बोद, म्हणजे तंबाखूची पोती, उचलणारे हात दोन पिढ्यांचे. आप्पा त्यातले पहिले, जे बोद उचलण्याऐवजी काट्यापाशी उभे राहिले, वजन वाचायला. आणि आक्का आमच्यातली पहिली, जिनं स्वतःचं वर्कशॉप टाकलं. आयटीआय केलं, बारा वर्षं दुसऱ्याच्या लेथवर काम केलं, मग उद्यमबागेच्या मागच्या गल्लीत भाड्यानं शेड घेऊन दोन जुने लेथ लावले. हातात कायम खडू. कास्टिंगवर माप लिहायला, टेबलावर हिशेब करायला, पोरांच्या पाठीत मारायलासुद्धा.

त्या वर्षी तिला एक सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं, मशीन घ्यायचं होतं. पुण्याच्या विक्रेत्यानं कोटेशन दिलं होतं, त्यावर तळाला लिहिलेलं, हा भाव महिनाअखेरपर्यंत लागू. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण आधी स्वतःचे चार लाख दाखवा म्हणाली. आक्कानं ते सात वर्षांत जमवले होते. मशीन आलं तर एका पंप कंपनीचं बुशिंगांचं, म्हणजे पंपात बसणाऱ्या कड्यांचं, काम तिला मिळणार होतं, तोंडी ठरलेलं. हातच्या लेथवर ते माप धरत नाही.

ते चार लाख तिनं माझ्या खात्यात टाकले.

"माझ्या खात्यात ठेवलं की पगाराला न्हायतर लोखंडाला जातील बघ. तुझ्याकडं असू देत. वीस-बावीस दिवसांचा तर प्रश्न हाय. तसंच ठेवशील न्हवं?"

"तसेच ठेवतो," मी म्हणालो.

मी खोटं बोललो नव्हतो. बोललो तेव्हा तसेच ठेवणार होतो. आणखी चार दिवसही तसेच ठेवले. पण रात्रंदिवस डोक्यात एकच. दोन लॉटवर साठ रुपये, तर पन्नास लॉटवर किती? आणि जोखीम तर शून्य. पैसे कुठं जाणार नाहीत, नुसते अडकतील, महिनाअखेरीला जसेच्या तसे सुटतील आणि वर दोन हजार. तेवढ्यात आक्काच्या मशीनला टूल होल्डर घेऊन देऊ. तिला आश्चर्याचा धक्का देऊ. चोरी करणारा माणूससुद्धा स्वतःला भाऊबीजच सांगत असतो, हे मला नंतर कळलं.

पाचव्या दिवशी मी रजा टाकली आणि सकाळी ब्रोकरच्या ऑफिसात जाऊन उभा राहिलो. साडेदहापासून पडद्यावर फट दिसत होती. युरो-रुपयात कुणीतरी एकोणनव्वद सत्तरनं घ्यायला उभा होता. दुसऱ्या रस्त्यानं, म्हणजे विकणाऱ्याच्या भावानं डॉलर आणि युरो-डॉलर घेऊन, मला तोच युरो एकोणनव्वद सहासष्टला पडत होता. चार पैसे. आणि तो सत्तरवाला दहा मिनिटं हलला नव्हता.

"पन्नास लॉट," मी म्हणालो. "युरो-रुपया पन्नास विका, युरो-डॉलर पन्नास घ्या, डॉलर चौपन्न घ्या." पन्नास हजार युरो म्हणजे चौपन्न हजार डॉलर, म्हणून चौपन्न. हा हिशेब मला पाठ होता आणि तो बरोबर होता, याचा मला अजून राग येतो.

बाईंनी हात कीबोर्डवरून काढला. "दोन-अडीच लाख मार्जिन, म्हंजी अनामत, अडकल, सर. शिवाय रोजचा फरक रोज भराय लागल. आणि पन्नास मारायचंच तर आधी युरो-रुपया मारा. तिथं माल कमी हाय. डॉलर कवाबी मिळतोय. अवघड ते आधी."

"अहो, तो उभाच आहे. दहा मिनिटं झाली. हे दोन भाव पळतायत, ते आधी धरा."

"त्याच्यापुढं चार लिहिलंय, सर. चारच लॉट घेणार हाय तो."

ते चार मलाही दिसत होतं. इथंच मी जी चूक केली ती मुंबईच्या कुठल्या पोरानं केली नसती. ती निपाणीच्या वखारीत वाढलेल्या माणसानंच करावी.

आप्पांच्या वखारीत एक रिवाज होता. व्यापारी ढिगापाशी यायचा, पोत्यात हात घालून तंबाखूचा वास घ्यायचा आणि भाव बोलायचा. बोलला की आप्पा पहिल्या बोदावर खडूनं तो आकडा लिहायचे. एकदा लिहिला की तो भाव साऱ्या ढिगाचा. चार बोद असोत की चारशे. आणि दिवेलागणीपर्यंत तो आकडा कुणी पुसायचा नाही. शेतकऱ्यानं घरी जाऊन बायकोला विचारून यावं, दुसऱ्या वखारीत फिरून यावं, दुपारी बाजार पडला तरी व्यापाऱ्यानं शब्द फिरवायचा नाही. फिरवला तर दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढं कुणी पोतं सोडायचं नाही. मी लहानपणी शाळा सुटल्यावर तिथं बसून ते आकडे वाचायला शिकलो. भाव म्हणजे बोललेला शब्द, हे माझ्या हाडात होतं. पडद्यावरचा तो सत्तरवाला मला धोतर-टोपीतल्या व्यापाऱ्यासारखाच दिसत होता. भाव बोललाय, आता जातोय कुठं?

"घ्या," मी म्हणालो.

डॉलर चौपन्न लगेच मिळाले. युरो-डॉलरला थोडा वेळ लागला, पण पन्नास मिळाले. मग बाईंनी युरो-रुपया विकायला टाकला. चार लॉट गेले सत्तरनं. आणि पडद्यावरून तो आकडा नाहीसा झाला. त्याखाली एकोणनव्वद साठ होता, तोही क्षणात अठ्ठावन्न झाला.

"सर, सेहेचाळीस ऱ्हायले," बाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता घेतलेलं परत विकूया. हजार-दोन हजार जातील, जाऊ देत. न्हायतर तुम्ही आता नुसतं युरो घेऊन बसलाय."

खरंच होतं ते. तीनपैकी दोनच बाजू झालेला सौदा म्हणजे बिनजोखमीचा त्रिकोण नव्हे. डॉलर घेतले, त्या डॉलरांनी युरो घेतले, म्हणजे सरळसरळ सेहेचाळीस हजार युरो मी रुपयांनी विकत घेतले होते. आता युरो पडला की मी पडणार. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मी काय म्हणालो? मी म्हणालो, "थांबा जरा. तो परत येईल."

"कोण?"

"सत्तरवाला."

बाईंनी माझ्याकडं बघितलं, ते बघणं मी विसरलेलो नाही. त्यात दया होती. "तो माणूस न्हवं, सर," त्या म्हणाल्या.

मी थांबलो. त्या दिवशी पाच वाजता बाजार मिटला तरी तिथंच उभा राहिलो. बाहेर दिवे लागले तेव्हाही मला वाटलं, अजून पुसायची वेळ झालेली नाही.

पुढचे आठ दिवस मी काय जगलो ते माझं मलाच माहीत. युरोपातल्या कुठल्याशा बँकेचा कुणी माणूस व्याजाबद्दल काहीतरी बोलला आणि युरो उतरणीला लागला. रोज संध्याकाळी खात्यातून फरक वजा व्हायचा. आठ हजार, अकरा हजार, एके दिवशी दोन हजार परत, दुसऱ्या दिवशी चौदा गेले. ऑफिसात मी तीन-तीनदा पाणी प्यायला उठायचो. आक्काच्या गल्लीतून जायचं टाळायचो. तिचा फोन आला की आधी दोनदा वाजू द्यायचो. बाई रोज सांगायच्या, निघा. मी रोज म्हणायचो, उद्या. तोट्यातून बाहेर पडणं म्हणजे तोटा झाला हे मान्य करणं, आणि मला ते आक्कापुढं मान्य करायचं नव्हतं. भ्यालो होतो, सरळ शब्दांत.

आठव्या दिवशी युरो-डॉलर एक डॉलर आठ सेंटांवरून एक डॉलर पावणेसहा सेंटांच्या आसपास आला होता, म्हणजे दोन सेंटांहून जास्त खाली. डॉलर दहा पैसे वर चढला, त्यानं पाचेक हजार वाचले, विकलेल्या चार लॉटांनी सात हजार वाचवले. बाकी सगळं गेलं. मी निघालो तेव्हा आक्काच्या चार लाखांतले ऐंशी हजार नव्हते. महिना संपायला सहा दिवस होते.

सहा दिवसांत ऐंशी हजार उभे करायला मी काय काय केलं ते लिहीत नाही. त्यातले वीस जमले. महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी तिच्या शेडवर गेलो. ती लेथवर होती. माझं तोंड बघून तिनं मशीन बंद केलं आणि दोन्ही पोरांना चहाला पाठवलं.

मी सगळं सांगितलं. त्रिकोण, चार पैसे, सत्तरवाला. ती लोखंडी टेबलाला टेकून ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, "म्हंजी तुला काय फुकट मिळणार हुतं?"

"फुकटच. तिन्ही एकदम झाले असते तर."

"आणि ते सगळ्यांस्नी दिसत हुतं?"

"हो."

"मग ते तुझ्यासाठी कशाला थांबल?" ती म्हणाली. एवढं साधं. मी सहा वर्षं वहीत आकडे उतरवून, दोन महिने पडद्यापुढं उभा राहून जे शिकलो नाही, ते तिनं खडूची भुकटी झाडता झाडता सांगितलं.

मला वाटलं आता ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पाठमोरी झाली, टेबलावरचे आकडे तळहातानं पुसत राहिली, पुसायला काही उरलं नाही तरी.

"तू बोललेलास मला, तसंच ठेवतो म्हणून," ती म्हणाली. "आप्पांच्या वखारीतला भाव दिवेलागणीपतूर टिकायचा. तुझा चार दिस टिकला रं."

मी रडलो. सांगायला लाज वाटत नाही. रडत रडत पुण्याच्या विक्रेत्याला फोन लावला, पंधरा दिवसांची मुदत मागितली. तो माणूस सभ्य होता. म्हणाला, आज संध्याकाळी सहापर्यंत बुकिंग भरा, हाच भाव; उद्यापासून कंपनीची नवी किंमत, माझ्या हातात नाही. चार लाख पुरे दिसल्याशिवाय बँक बुकिंगला पैसे सोडणार नव्हती. विक्रेता लिहिल्याप्रमाणं वागला. भाव टिकवायचा तेवढा त्यानं टिकवला होता, मोडला तो मी.

मशीन पाच महिन्यांनी आलं, नव्या किमतीला. तोवर बुशिंगांचं काम जवळच्याच मच्छे गावातल्या एका वर्कशॉपला गेलं होतं. ऐंशी हजारांचा हिशेब फिटण्यासारखा होता, त्या कामाचा फिटण्यासारखा नव्हता. ज्या पोराला तिनं त्या मशीनसाठी शिकायला पाठवलं होतं, तो कंटाळून गोव्याला निघून गेला. आप्पांना कुणी काही सांगितलं नाही. पण ते वजन वाचणारे, त्यांना कळलं असणार. दिवाळीला त्यांनी मला एकच विचारलं, "आकडं अजून वाचतोस व्हय रं?" मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, "वाच की. वाचाय काय हुतंय."

मग मी परत वाचायला लागलो. नफ्यासाठी नाही. त्रिकोणाचा खरा उपयोग मला त्यानंतर कळला. बँक तुम्हाला युरोचा जो भाव सांगते तो तिनं या दोन दरांच्या गुणाकारातूनच काढलेला असतो आणि त्यातून आपला हिस्सा कापलेला असतो. गुणाकार येत असेल तर किती कापला ते कळतं. फुकटचं काही मिळत नाही, पण आपलं किती जातंय ते दिसतं. फाउंड्रीत मी हे करायला लागलो आणि मालकांनी पहिल्यांदा माझं नाव विचारलं.

गेल्या वर्षी आक्काला पहिल्यांदा परदेशातून थेट काम मिळालं. अठरा हजार युरो आगाऊ आले. तिनं मला फोन केला नाही, भाच्याकडून निरोप धाडला, मामाला म्हणावं जरा शेडवर ये. मी पोहोचलो तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि बँकेच्या ट्रेझरीतला, म्हणजे परकीय चलन खात्यातला, मुलगा भाव सांगत होता, शहाण्णव नव्वद.

आक्कानं माझ्याकडं बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं पैशाच्या बाबतीत माझ्याकडं बघितलं. मी मोबाईलवर दोन दर काढले. डॉलर पंच्याऐंशी साठ, युरो एक डॉलर चौदा. गुणाकार सत्त्याण्णव अठ्ठावन्न. अडुसष्ट पैसे कापत होते. मी फोनवर तसं म्हणालो, आकड्यांसकट. मग तो मुलगा म्हणाला, "सत्त्याण्णव पस्तीस. पण आत्ता, सर. लाइनवर असेपर्यंतच."

आठ हजार रुपये दोन मिनिटांत वाचले होते. माझा पाय हलायला लागला. पडद्यावर युरो-डॉलर वर सरकत होता. "एक मिनिट थांबा," मी म्हणालो. "अजून पाच पैसे निघतील..."

"डन," आक्का म्हणाली.

"डन मॅडम. सत्त्याण्णव पस्तीस." फोन बंद.

"अगं, मी बघत होतो ना!"

"तुझ्या गुणाकारावर माझा भरवसा हाय," ती म्हणाली. "तुझ्या थांबण्यावर न्हाय."

तिनं खिशातून खडू काढला आणि लोखंडी टेबलावर मोठ्या अक्षरात ९७.३५ लिहिलं. माझ्या मोबाईलवर तोवर तीन पैसे वाढले होते. मला राहवेना. टेबलावर ठेवलेला खडू मी उचलला आणि तिच्या आकड्याखाली अडतीस लिहायला वाकलो. तिनं माझं मनगट धरलं. जोरात नाही, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं. खडू काढून घेतला आणि परत खिशात टाकला.

"दिवं लागूपतूर ऱ्हाऊ दे हे," ती म्हणाली आणि पोरांना ओरडून सांगितलं, या टेबलाला कुणी फडकं लावायचं नाही.